शिबिराच्या नोंदणी टेबलावर रांग वाढत असताना स्वागत आणि मदत कशी करायची

प्रश्न : आमचं मंडळ तालुक्याच्या गावी मोफत नेत्रतपासणी शिबिर घेतं. आठला नोंदणी सुरू होते आणि साडेआठला रांग फाटकाबाहेर जाते. टेबलावरची मुलं नीट बोलायला, मदत करायला गेली की रांग थांबते. भराभर उरकायला गेली की म्हातारी माणसं दुखावतात. दोन्ही कसं जमवायचं?

उत्तर :

एकाच माणसाला दोन्ही जमणार नाही. टेबलावर बसलेल्याने लिहायचं असतं. विचारपूस, मदत, कागद काढून घेणं, शंका फेडणं हे सगळं माणूस टेबलापाशी पोचायच्या आत, रांगेतच व्हायला हवं. तुमच्याकडे नोंदणीला चार मुलं असतील तर चौघांनाही टेबलावर बसवू नका. दोघं टेबलावर, एक फाटकाशी आणि एक रांगेत अशी वाटणी करा.

का, ते घड्याळ लावून पाहिलं की कळतं. पुढच्या शिबिरात एका माणसाची नोंदणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजा. साधारण तीन मिनिटं भरतील. त्यात नाव, वय, गाव लिहायला पाऊण मिनिट लागतं. बाकीचा वेळ पिशवीतल्या पिशवीतून आधार कार्ड शोधण्यात, मुलाचा मोबाइल नंबर आठवण्यात आणि "ऑपरेशन आजच करणार का?" याचं उत्तर देण्यात जातो. एका माणसाला तीन मिनिटं म्हणजे एका टेबलावर तासाला वीस माणसं. साडेआठला सत्तर जण उभे असतील तर एका टेबलापुढच्या शेवटच्या माणसाचा नंबर बाराला येईल. तीच माणसं कार्ड हातात घेऊन, अर्धा केसपेपर भरून टेबलाशी आली तर एका मिनिटात काम होतं. मग दोन टेबलांवर तेच सत्तर जण पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात. मुलांनी हात भराभर चालवायची गरजच उरत नाही.

फाटकाशी उभा राहणाऱ्याचं काम सर्वांत महत्त्वाचं आहे आणि नेमकं तिथेच बहुतेक ठिकाणी कोणी नसतं. नवा माणूस रांगेच्या शेपटाला येतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. ही रांग कशाची, किती वेळ लागणार, काय काय लागेल हे कळत नाही म्हणून तो सरळ टेबलाशी जातो आणि लिहिणाऱ्याला विचारतो. लिहिणारा मान वर करतो, उत्तर देतो, आणि चालू केसपेपरवर कुठे होतो ते विसरतो. असे पाच-सहा जण आले की रांग हलत नाही आणि मागचे ओरडू लागतात. फाटकाशी एवढंच बोलायचं:

"नमस्कार काका, या. डोळे तपासायला ना? हीच रांग. टेबलापर्यंत साधारण अर्धा तास लागेल. आधार कार्ड, जुना चष्मा आणि चालू गोळ्या आणल्या असतील तर त्या हाताशी काढून ठेवा. मध्येच आमची ही ताई येऊन कागद भरून घेईल."

आधी नमस्कार, मग जागा बरोबर असल्याची खात्री, मग वेळ, मग तयारी, हा क्रम सोडू नका. पुष्कळ मुलं "आधार कार्ड आहे का?" यानेच सुरुवात करतात. खेड्यातून पहाटे निघून आलेल्या माणसाला ते अडवल्यासारखं वाटतं, आणि कार्ड नसेल तर तो तिथूनच परत फिरतो. कार्ड विसरून आलेल्याचीही तपासणी होणार असेल, तर ते त्याच वाक्यात सांगून टाका.

वेळ सांगताना "होईल लवकर" म्हणू नका. दहा मिनिटांनी त्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. नेमका अंदाज देण्यासाठी आदल्या दिवशी मैदानावर फक्कीने रेघा मारून ठेवा. रांगेत एक माणूस साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे तेरा मीटरवर वीस माणसं. पहिली रेघ तेरा मीटरवर, दुसरी सव्वीसवर, तिसरी एकोणचाळीसवर मारा. दोन टेबलं मिनिटाला एकेक माणूस घेत असतील तर पहिल्या रेघेपाशी दहा मिनिटं, दुसरीपाशी वीस, तिसरीपाशी तीस. सांगताना त्यात पाच मिनिटं जास्तीची धरा. सांगितल्यापेक्षा आधी नंबर लागला तर माणूस खूश होतो, उशिरा लागला तर पुढे प्रत्येक टप्प्यावर वाद घालतो. नऊ वाजता एकदा प्रत्यक्ष वेग मोजून हे आकडे दुरुस्त करा.

हाक काय मारायची, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण माणसं इथेच दुखावतात. "आजी", "आजोबा" हे साठ-पासष्टच्या पुढच्यांना. पन्नाशीच्या बाईला आजी म्हटलेलं आवडत नाही. तिला "ताई" किंवा "मावशी" म्हणा. खात्री नसेल तर वय कमी धरा. हाक कोणतीही असो, पुढे "तुम्ही" हवंच. "आजी, इकडे ये" हे घरच्या आजीला चालतं, अनोळखी बाईला नाही. समोरून जे अभिवादन येईल तेच परत करा. "राम राम"ला "राम राम", "जय भीम"ला "जय भीम", "सलाम"ला "सलाम". त्याला सेकंदही लागत नाही, आणि हे शिबिर आपल्यासाठीही आहे हे त्या माणसाला कळतं.

आता रांगेत फिरणारी व्यक्ती. तिने सगळ्या रांगेत फिरायचं नाही. टेबलापासून पहिल्या पंधरा जणांतच राहायचं, हातात पॅड आणि कोरे केसपेपर घेऊन. पंधराच्या मागे गेली तर भरलेले कागद अर्धा तास लोकांच्या हातात राहतात, घामाने ओले होतात, हरवतात. केसपेपरवर छापील किंवा हाताने घातलेले क्रमांक आदल्या रात्रीच तयार ठेवा. मात्र क्रमांकाचं टोकन टेबलावरच द्यायचं. रांगेत टोकन वाटलं की लोक रांग सोडून सावलीत जातात, आणि मग कोण कोणाच्या मागे होतं यावरून भांडणं होतात.

मदत विचारण्याची पद्धत इथे कळीची आहे. "काही मदत हवी का?" याला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर "नको, नको" हेच. विशेषतः ज्याला लिहिता येत नाही तो तर हमखास नको म्हणतो. म्हणून हा प्रश्न विचारूच नका, आणि "लिहिता-वाचता येतं का?" हे तर चारचौघांत कधीच नको. सगळ्यांना एकच वाक्य: "तुम्ही सांगा, मी लिहून घेते." शिक्षक असो वा शेतमजूर, सगळ्यांचा कागद तीच भरते, त्यामुळे कोणाला कमीपणा येत नाही. एखाद्याला स्वतः लिहायचं असेल तर तो मागून घेईलच.

पुढचे प्रश्नही असेच नेमके हवेत. "जुना चष्मा आणलाय का?" "साखरेची, बीपीची किंवा लघवीच्या त्रासाची गोळी चालू आहे का? असेल तर पाकीट दाखवा." या शेवटच्या प्रश्नाचं मुलांना हसू येतं, म्हणून कारण सांगून ठेवा: प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी डोळ्याची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी राहत नाही, आणि मोतीबिंदू काढताना सर्जनला ते आधी ठाऊक असावं लागतं. गोळीचं नाव मुलांनी ओळखायचं नाही, पाकिटावरून उतरवून घ्यायचं. आणि हा प्रश्न हळू आवाजात, जवळ उभं राहून. "आजोबा, साखर आहे का?" असं दहा माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं की आजोबा नाही म्हणतात. पुढे डॉक्टरांकडे खोटी माहिती जाते.

"परत कसे जाणार?" हेही रांगेतच विचारा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की जवळचं काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. अशा माणसाने मोटारसायकल चालवू नये. एकटाच गाडीवर आलेला असेल तर त्याला रांगेत कळलं पाहिजे, म्हणजे तो अर्ध्या तासात फोन करून कोणाला तरी बोलावून घेईल. थेंब घातल्यावर कळून उपयोग नाही. परतीची एसटी कितीची आहे हेही याच वेळी केसपेपरच्या कोपऱ्यात टिपा. "दीडची गाडी" असं लिहिलेला कागद पुढच्या टेबलावर वेगळा दिसतो, आणि शेवटची गाडी चुकल्याचा गोंधळ टळतो.

शिबिर डोळ्यांचं आहे, म्हणजे रांगेतल्या बऱ्याच जणांना कमी दिसतं. तरी त्यांना दंडाला धरून ओढत नेणारे स्वयंसेवक सगळीकडे दिसतात. कमी दिसणाऱ्या माणसाला अचानक हात लागला की तो दचकतो, तोल जातो. आधी बोला: "आजोबा, मी मंडळाचा स्वयंसेवक. तुमच्या डाव्या हाताला उभा आहे. माझा हात धरता का?" मग आपलं कोपर पुढे करा. त्यांनी तुमच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून यायचं. पायरी आली की थांबा आणि "पायरी आहे, वर" किंवा "खाली" एवढंच सांगा. खुर्चीशी पोचल्यावर त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. बसायचं ते स्वतः बसतात. ऐकू कमी येत असेल तर कानात ओरडू नका. समोर या, चेहरा उजेडाकडे ठेवा, आवाज थोडा जाड करून सावकाश बोला.

टेबलावर आता थोडंच उरतं: आधार कार्डावरचं नाव ताडून पाहणं, मोबाइल नंबर, टोकन, आणि पुढे कुठे जायचं ते सांगणं. नावाचं काटेकोरपण का, ते मुलांना समजलेलं असावं. मोतीबिंदू निघालेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात पाठवतात तेव्हा तिथली यादी कार्डावरच्या नावाशी जुळवतात. गावात "बाळूमामा" म्हणून ओळखले जाणारे कार्डावर बाळासाहेब असतात. कार्डावरचं नाव लिहा आणि हाकेचं नाव शेजारी छोट्या अक्षरात लिहा, कारण आतून नंबर पुकारताना ते बाळूमामा या हाकेलाच उठतात.

मोबाइल नंबर दोन-दोन आकडे वाचून परत म्हणा. एक आकडा चुकला तर ऑपरेशनच्या तारखेचा फोन भलत्याच माणसाला जातो, आणि तो बिचारा वाट पाहत घरी बसतो. नंबर मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असेल तर "मुलगा" किंवा "शेजारी" असं बाजूला लिहा.

टेबलावरच्याने आणखी एक सवय लावून घ्यायची, आणि ती सगळ्यांत कमी वेळात सगळ्यांत जास्त काम करते. समोरच्याचा कागद लिहिता लिहिता मान वर करून पुढच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "मावशी, यांच्यानंतर तुम्हीच." दोन सेकंद लागतात. आपल्याला पाहिलेलं आहे हे कळलं की माणूस शांत उभा राहतो. हे झालं नाही तर तीच मावशी टेबलावर वाकते, कार्ड कागदावर ठेवते, "माझं घ्या ना" म्हणते, आणि लिहिणाऱ्याची ओळ चुकते. टेबलाशी आल्यावरही "बोला" किंवा "हं, पुढचे" नको. "या मावशी, बसा" म्हणा. टेबलापुढे एक खुर्ची असायलाच हवी. उभा माणूस पिशवी, काठी आणि कार्ड एका हातात सांभाळतो आणि त्यात वेळ जातो. निघताना "पुढे जा" म्हणू नका. पुढे म्हणजे कुठे? "हा तुमचा ४७ नंबर. त्या निळ्या पडद्याजवळच्या खुर्च्यांवर बसा, नंबर पुकारतील" असं हात दाखवून सांगा.

कोणाला आधी घ्यायचं यावरून रांग बिघडते. चाकाच्या खुर्चीतला माणूस, तान्हं मूल घेऊन आलेली बाई, चक्कर येत असलेला, उपाशीपोटी साखर तपासायला थांबलेला मधुमेही, एवढ्यांना आधी घ्या. पण गुपचूप घेऊ नका. रांगेकडे तोंड करून सांगा, "या आजींना उभं राहवत नाहीये, त्यांना आधी घेतोय, चालेल ना?" आजाराचं नाव घ्यायचं नाही. दिसणारं कारण सांगितलं की रांगेतलेच लोक "घ्या, घ्या" म्हणतात. बाजूने आलेल्या ओळखीच्या माणसासाठी मात्र मुलांकडे तयार वाक्य हवं, नाहीतर ती अवघडतात: "दादा, तुमचं होणारच आहे. रांगेतून या, मी रांगेतच तुमचा कागद भरून घ्यायला सांगतो." नगरसेवकांचा फोन आलेला असो वा मंडळाच्या अध्यक्षांचे मेहुणे असोत, हेच. बाजूने एकाला घेतलेलं सत्तर जण पाहतात, आणि मग पुढचा तासभर टेबलाच्या दोन्ही बाजूंना घोळका होतो.

इथवर सगळं जमलं की एक नवी अडचण उभी राहते. तक्त्यावर नजर तपासायला एका माणसाला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे एका तक्त्यावर तासाला पंधरा. चार तक्ते असतील तर साठ. नोंदणी मात्र तासाला एकशेवीस होऊ लागली, तर तासाभरात आत साठ माणसं साठतात. बसायला जागा नसेल तर ती दारात उभी राहतात आणि तुमच्या टेबलाशी येऊन "माझा नंबर कधी?" विचारू लागतात. बाहेरची रांग आत आली, एवढंच झालं. म्हणून नोंदणीचा वेग ठरवण्याआधी आत किती खुर्च्या आहेत ते मोजा. चाळीस खुर्च्या भरल्या की दुसरं टेबल थांबवा, आणि तिथल्या मुलाला आत चहापाणी देण्यात आणि नंबर सांगण्यात लावा. आत चालू असलेला नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पुकाराही, कारण इथे फळा सगळ्यांना दिसणार नाही.

नोंदणी कधी बंद करायची हे सकाळीच ठरवा. हिशेब उलटा करायचा. डॉक्टर दोनला निघणार असतील, थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस ते तीस मिनिटं लागत असतील, आणि आत त्या वेळी तासाभराची माणसं बसलेली असतील, तर बारानंतर आलेल्याची पूर्ण तपासणी होणार नाही. हे बाराला टेबलावर सांगून चालत नाही. साडेअकराला फाटकावरच्याने रांगेतली माणसं मोजायची, शेवटच्या माणसाच्या मागे स्वतः उभं राहायचं आणि त्यानंतर येणाऱ्याला तिथेच सांगायचं: "काका, आज डॉक्टरांचा वेळ संपतोय, तुम्हाला उभं करून ठेवत नाही." त्याच्या हातात चिठ्ठी द्या. तिच्यावर जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या नेत्र ओपीडीचे वार आणि वेळ, मंडळाचा फोन नंबर आणि पुढच्या शिबिराची तारीख ठरली असेल तर ती. अशा पन्नास चिठ्ठ्या आदल्या दिवशी छापून फाटकावरच्याकडे देऊन ठेवा. ओपीडीचे वार रुग्णालयात फोन करून त्याच आठवड्यात खात्री केलेले असावेत. मात्र अचानक दिसेनासं झालेला, डोळा लाल होऊन जोरात दुखत असलेला, किंवा डोळ्याला मार लागलेला माणूस बारानंतर आला तरी त्याला चिठ्ठी देऊन परत पाठवायचं नाही. त्याला रांग न लावता थेट डॉक्टरांपर्यंत न्यायचं, आणि हे फाटकावरच्या मुलाला सकाळी पाठ करून घ्यायला लावा.